लक्ष्मीपूजन नक्की कुठल्या संध्याकाळी? अमावास्या दोन दिवसांवर पसरली की दिवस कसा ठरवायचा

दर एक-दोन वर्षांनी फॅमिली ग्रुपवर हा वाद ठरलेलाच. कोणीतरी एका तारखेचा मुहूर्त फॉरवर्ड करतं, लगेच दुसरं कोणीतरी कॅलेंडरचा फोटो टाकून म्हणतं अहो आमच्याकडे तर उद्याचं दिलंय, आणि मग बिचाऱ्या गुरुजींना फोन. खरं तर आश्विन अमावास्या संध्याकाळच्या सुमारास सुरू होऊन दुसऱ्या दिवशी संपत असेल तर दिवस कसा निघतो हे घरी बसून, कागद-पेन घेऊन दहा मिनिटांत बघता येतं. यात फलज्योतिष काहीच नाही, नुसतं घड्याळ आहे आणि धर्मशास्त्रातले दोन-तीन नियम. हे नियम आपल्याकडे मुख्यतः धर्मसिंधु या ग्रंथावरून घेतले जातात, अठराव्या शतकाच्या शेवटी पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यांनी लिहिलेला, आणि महाराष्ट्रातले पंचांगकर्ते आजही निर्णय देताना त्याचाच आधार सांगतात.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, की सूर्योदयाला जी तिथी ती दिवसभर. रोजच्या तारखेपुरतं ते ठीक आहे, पण लक्ष्मीपूजन हे संध्याकाळचं काम आहे, म्हणून तिथं सूर्योदय नाही तर प्रदोषकाळ बघायचा. सूर्यास्त झाल्यापासून रात्रीचा साधारण पाचवा भाग म्हणजे प्रदोष. दिवाळीच्या दिवसांत आपल्याकडे रात्र साडेबारा तासांच्या आसपास असते, त्यामुळे प्रदोष अडीच तासांचा धरा. मुंबईत सूर्यास्त सहा वाजून पाच मिनिटांनी असेल तर साधारण आठ पस्तीसपर्यंत. या अडीच तासांच्या पट्ट्यात अमावास्या कुठल्या दिवशी आहे, एवढाच मूळ प्रश्न.

पहिलं काम: वेळा लिहून काढा

कागदावर चार वेळा लागतात. अमावास्या सुरू कधी, संपते कधी, आणि दोन्ही दिवसांचे सूर्यास्त. सोपं वाटतं पण निम्मे घोळ इथंच होतात.

छापील पंचांगात तिथीच्या रकान्यात फक्त तिथी संपण्याची वेळ असते, सुरू होण्याची वेगळी दिलेली नसते. म्हणजे अमावास्या कधी लागते हे शोधायचं तर आदल्या दिवशीच्या ओळीत चतुर्दशी कधी संपते ते बघायचं, तीच अमावास्येची सुरुवात. बरेच जण अमावास्येच्या ओळीतली वेळ बघून 'अमावास्या सव्वासहाला लागते' असं सांगून मोकळे होतात, प्रत्यक्षात ती सव्वासहाला संपत असते आणि मग पुढचं सगळंच उलटं.

दुसरा घोळ सूर्यास्ताचा. तिथी लागण्या-संपण्याचा क्षण सगळ्या जगाला एकच, सूर्य-चंद्रातलं अंतर मोजून काढलेला, त्यामुळे भारतात सगळीकडे घड्याळात तीच वेळ येणार. सूर्यास्त मात्र गावागणिक वेगळा. १ नोव्हेंबरला मुंबईत सूर्य ६:०५ ला मावळतो, पुण्यात ६:०२ ला, नागपुरात ५:३८ ला, कोलकात्यात तर पाचच्या आतच. मोबाईलवरची बरीच ॲप्स लोकेशन दिलं नाही तर दिल्ली धरून चालतात आणि दिल्लीचा त्या दिवशीचा सूर्यास्त ५:३६ चा, म्हणजे मुंबईपेक्षा जवळजवळ अर्धा तास आधी. एरवी अर्ध्या तासानं काही बिघडत नाही, पण अमावास्या नेमकी सूर्यास्ताच्या आगेमागे संपत असेल तर सगळा निर्णयच त्या अर्ध्या तासात असतो. तेव्हा ॲपमध्ये आधी आपलं गाव टाका, मग वेळ बघा. आणि तिथी एका पंचांगातून, सूर्यास्त दुसरीकडून असं करायला हरकत नाही, पण तिथीची सुरुवात आणि शेवट मात्र एकाच ठिकाणचा घ्या, कारण जुन्या पद्धतीच्या गणितानं केलेल्या पंचांगात तिथीच्या वेळा चांगल्याच मागेपुढे असतात.

सरळ केस: २०२२

आता हे वापरून बघू. २०२२ मध्ये अमावास्या २४ ऑक्टोबरला संध्याकाळी ५:२७ ला लागली आणि २५ ला दुपारी ४:१८ ला संपली. मुंबईत सूर्यास्त ६:०९ चा. २४ तारखेला प्रदोष ६:०९ ते साधारण ८:३८, तो सगळाच्या सगळा अमावास्येत. २५ ला सूर्यास्ताआधी दोन तास अमावास्या संपलेली, प्रदोषात काहीच नाही. म्हणजे पूजन २४ ला, आणि तसंच झालं. २५ ला संध्याकाळी खंडग्रास सूर्यग्रहणही होतं, म्हणून लोकांना वाटलं की ग्रहणामुळे पूजा आदल्या दिवशी ढकलली, पण तसं काही नव्हतं, ग्रहण नसतं तरी २४ च आली असती.

त्या दिवशी पहाटे नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान आणि संध्याकाळी लक्ष्मीपूजन, दोन्ही एकाच तारखेला आलं. हे बघून बऱ्याच जणांना काहीतरी चुकलंय असं वाटतं. चुकलेलं नसतं. अभ्यंगस्नान पहाटेच्या चंद्रोदयाला चतुर्दशी कधी आहे त्यावरून ठरतं आणि लक्ष्मीपूजन संध्याकाळच्या अमावास्येवरून, दोन्हीचा हिशोब स्वतंत्र आहे, म्हणून कधी एका दिवशी येतात कधी वेगळ्या.

अजून एक, अमावास्या ५:२७ ला लागणार म्हणून मांडणीसाठी तोपर्यंत थांबायचं कारण नाही. चौरंग, कलश, वह्या, नवी केरसुणी, लाह्या-बत्तासे, धणे-गूळ हे सगळं चारलाच मांडून ठेवा. फक्त संकल्प आणि पूजा सूर्यास्तानंतर. साडेपाचला अमावास्या लागली की लगेच उजेडातच पूजा उरकणारे लोक असतात, पण मग प्रदोष बघितलाच कशाला?

अवघड केस: २०२४

खरी गंमत इथं आहे. अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी ३:५२ ला लागली, १ नोव्हेंबरला संध्याकाळी ६:१६ ला संपली. पुण्याचा हिशोब मांडू.

३१ ला सूर्यास्त ६:०२, प्रदोष साधारण ८:३२ पर्यंत, पूर्ण अमावास्येत. १ ला सूर्यास्त ६:०२, अमावास्या ६:१६ पर्यंत, म्हणजे प्रदोषात १४ मिनिटं. मुंबईत ११ मिनिटं. नागपुरात मात्र ३८ मिनिटं.

साधा माणूस म्हणेल अडीच तास कुठं नि १४ मिनिटं कुठं, पूजा ३१ लाच हवी. पण धर्मसिंधूतला नियम असा आहे की दोन्ही दिवशी प्रदोषात अमावास्या असेल तर दुसरा दिवस घ्यायचा. किती जास्त किती कमी याची तुलना तिथं केलेली नाही. यामागं तिथींच्या जोड्यांचा विचार आहे, प्रतिपदेला जोडून आलेली अमावास्या चांगली मानतात, चतुर्दशीला चिकटलेली तितकी नाही. म्हणून दाते पंचांगासकट महाराष्ट्रातल्या बहुतेक पंचांगांनी १ नोव्हेंबर दिली आणि सरकारी सुट्टीही तीच होती.

मग भांडण कशावरून झालं? त्याच ग्रंथात आणखी एक वाक्य आहे, की अमावास्या सूर्योदयापासून असून सूर्यास्तानंतर घटकेपेक्षा जास्त राहत असेल तर त्या दिवसाबद्दल शंकाच नाही. घटका म्हणजे २४ मिनिटं. आता पुण्यात १४ मिनिटं, मुंबईत ११, म्हणजे घटका भरत नाही. नागपुरात भरते. एकाच राज्यात दोन उत्तरं! ज्यांनी ३१ धरली त्यांचं म्हणणं साधारण असं की दुसऱ्या दिवशी घटकाभरही अमावास्या मिळत नाही आणि ३१ ला प्रदोष आणि मध्यरात्र दोन्ही भरलेले आहेत, मग ती सोडायची का. काशीच्या विद्वत्परिषदेनं ३१ च सांगितली होती. गंमत म्हणजे काशीत १ तारखेचा सूर्यास्त ५:१७ चा, म्हणजे तिथं आपल्यापेक्षा जास्त, जवळजवळ तासभर अमावास्या प्रदोषात मिळत होती आणि तरी त्यांनी आदला दिवस घेतला, आणि आपल्याकडे दहा-पंधरा मिनिटं मिळाली तरी दुसरा. म्हणजे मिनिटांवरून भांडण नव्हतंच, कुठलं वाक्य मुख्य धरायचं यावरून होतं.

माझं मत विचाराल तर घटकेचं वाक्य मर्यादा घालत नाही. घटकेपेक्षा जास्त असेल तर 'शंका नाही' एवढंच ते सांगतं, कमी असेल तर 'चालणार नाही' असं म्हणत नाही. कमी असेल तेव्हा पुढचे नियम बघायचे आणि पुढचा नियम दोन्हीकडे असेल तर दुसरा दिवस, असा सरळ क्रम लागतो. शिवाय पंचांगकर्ता मुंबईला एक आणि नागपूरला दुसरा दिवस देऊ शकत नाही, त्याला राज्यभर एकच सण लावायचा असतो. पण समोरची बाजू अगदीच हवेतली नाही हेही खरं, त्यामुळे ज्यांच्या घरी ३१ ला पूजा झाली त्यांना चुकलात म्हणून हिणवण्यात अर्थ नाही.

आता नेहमीचा प्रश्न, की १ तारखेला अमावास्या ६:१६ ला संपते तर पूजा त्या १४ मिनिटांत उरकायची का? नाही. दिवस ठरवायला तिथी बघितली, एकदा दिवस ठरला की त्या कर्मापुरती ती तिथी पुढंही आहे असं धरतात, याला शास्त्रात साकल्य म्हणतात. म्हणजे साडेसातला पूजेला बसलात तरी संकल्पात गुरुजी अमावास्याच म्हणणार. त्या वर्षी सहाच्या ठोक्याला धावतपळत आरती करून घेणारी घरं पाहिलीत, त्याची काही गरज नव्हती, आठपर्यंत निवांत चालतं.

सगळ्यात कठीण: २०२५

२०२४ निदान दोन्हीकडे अमावास्या असल्यानं समजावता येत होतं. २०२५ मध्ये अमावास्या २० ऑक्टोबरला दुपारी ३:४४ ला लागली आणि २१ ला संध्याकाळी ५:५४ ला संपली. मुंबईत २१ चा सूर्यास्त ६:१२ चा, पुण्यात ६:०८ चा. म्हणजे सूर्य मावळायच्या आधीच अमावास्या संपली, प्रदोषात शून्य. फक्त नागपूरकडे सूर्यास्त ५:४५ चा असल्यानं जेमतेम नऊ मिनिटं. वरच्या नियमानं मुंबई-पुण्याला २० ऑक्टोबर यायला हवी होती, बरोबर? पण महाराष्ट्रातल्या कॅलेंडरवर आणि सुट्टीच्या यादीत २१ होती, शेअर बाजाराचं मुहूर्ताचं ट्रेडिंगसुद्धा २१ ला झालं. आणि मग लोक म्हणाले पंचांगवाले काहीही छापतात.

काहीही नाही. धर्मसिंधूतच पुढं पुरुषार्थचिंतामणी या ग्रंथाचं मत दिलंय. प्रदोषात अमावास्या फक्त पहिल्याच दिवशी असली तरी दोन गोष्टी जुळल्या तर लक्ष्मीपूजन दुसऱ्या दिवशी करावं. एक, दुसऱ्या दिवशी अमावास्या तीन प्रहरांपेक्षा जास्त हवी. दोन, अमावास्येपेक्षा प्रतिपदा मोठी हवी.

हे पण मोजता येतं. दिवसाचे चार प्रहर, म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त याचे चार समान भाग. मुंबईत २१ ऑक्टोबरला सूर्योदय ६:३४, सूर्यास्त ६:१२, दिवस ११ तास ३८ मिनिटांचा, एक प्रहर २ तास ५५ मिनिटांच्या जवळपास. तीन प्रहर संपतात साधारण ३:१८ ला. अमावास्या ५:५४ पर्यंत आहे, म्हणजे पहिली अट आरामात पूर्ण. आता दुसरी. अमावास्या ३:४४ ते दुसऱ्या दिवशी ५:५४, एकूण २६ तास १० मिनिटं. प्रतिपदा २१ ला ५:५४ ला लागून २२ ला रात्री ८:१६ ला संपली, २६ तास २२ मिनिटं. प्रतिपदा १२ मिनिटांनी मोठी! दुसरी अटही पूर्ण. म्हणून २१ ला आधार मिळतो. १२ मिनिटांवर दिवस फिरला असं म्हटलं तरी चालेल.

ही दुसरी अट बहुतेक लोक तपासतच नाहीत, म्हणून ती २०२२ ला लावून बघा. तेव्हा २५ ऑक्टोबरला अमावास्या ४:१८ पर्यंत होती, म्हणजे तीन प्रहरांच्या पुढं गेलेलीच. पण अमावास्या २२ तास ५१ मिनिटांची आणि प्रतिपदा, २५ ला ४:१८ ते २६ ला दुपारी २:४२, फक्त २२ तास २४ मिनिटांची. प्रतिपदा लहान, अट नापास, म्हणून २४ च. आणि २०२४ ला लावली तर तिथंही प्रतिपदा अमावास्येपेक्षा लहानच निघते, २६ तास २४ मिनिटं विरुद्ध २६ तास ५ मिनिटं. म्हणजे २०२४ चा दुसरा दिवस केवळ दोन्हीकडे प्रदोषात अमावास्या होती या जोरावर आला आणि २०२५ चा या पुरुषार्थचिंतामणीच्या जोरावर. लागोपाठ दोन वर्षं दुसरा दिवस, पण कारणं एकदम वेगळी. त्यामुळे 'मागच्या वर्षी असंच होतं म्हणून याही वर्षी तसंच' हा युक्तिवाद कधी करू नका.

आणि हेही सांगतो की हे मत सगळ्यांना मान्य नाही. जे फक्त प्रदोष मानतात त्यांच्याकडे २०२५ ला २० च होती, उत्तर भारतात बहुतेक ठिकाणी २० लाच झाली. दोन्ही बाजूंनी ग्रंथ आहेत. आपण कुठल्या पंचांगाच्या घरचे ते बघायचं आणि त्याचाच दिवस पाळायचा, दर वर्षी सोयीनं पंचांग बदलायचं नाही, म्हणजे रविवार आला तर हे आणि सोमवार आला तर ते, असलं काही नको.

परदेशातल्या मंडळींसाठी

इथं सगळ्यात जास्त गोंधळ, आणि खरं तर सगळ्यात सोपं उत्तर. पुण्याची तारीख उचलून न्यू जर्सीत लावायची नाही. तिथीच्या वेळा आपल्या घड्याळात बदलून घ्या आणि आपल्या गावचा सूर्यास्त लावा, बस्स.

२०२४ चंच घ्या. न्यू जर्सीत तेव्हा उन्हाळी वेळ चालू होती (घड्याळं ३ नोव्हेंबरला मागे झाली), म्हणून भारतापेक्षा साडेनऊ तास मागे. अमावास्या ३१ ऑक्टोबरला सकाळी ६:२२ ला लागली, १ ला सकाळी ८:४६ ला संपली. संध्याकाळ मध्ये एकच आली, ३१ ची. वादाला जागाच नाही. लंडनमध्ये उन्हाळी वेळ २७ ऑक्टोबरलाच संपलेली, म्हणून साडेपाच तास मागे, ३१ ला सकाळी १०:२२ ते १ ला दुपारी १२:४६, तिथंही ३१. सिडनी मात्र साडेपाच तास पुढं, तिथं अमावास्या ३१ ला रात्री ९:२२ ला लागून १ ला रात्री ११:४६ पर्यंत, त्यामुळे प्रदोष पूर्णपणे १ तारखेचाच भरतो. म्हणजे पुण्यातली आई आणि सिडनीतली मुलगी १ ला पूजा करणार आणि न्यू जर्सीतला मुलगा ३१ ला, तिघंही आपापल्या जागी बरोबर. फक्त मुलाला व्हिडिओ कॉलवर आरतीत सामील व्हायचं असेल तर ते त्यानं कौतुकानं व्हावं, पूजा आपल्या संध्याकाळी करावी. उन्हाळी वेळेचा तास तेवढा नीट बघा, दिवाळी नेमकी घड्याळं बदलण्याच्या आठवड्यांत येते.

दुकानवाल्यांचं

दुकानाची वहीपूजा घरच्या पूजेच्याच दिवशी करणारे बरेच आहेत, पण बाजारपेठेत गुजराती-मारवाडी शेजारी चौघडिया बघून वेळ काढतात आणि त्यांचं पंचांगही वेगळं, त्यामुळे २०२५ सारख्या वर्षी शेजारच्या दुकानात २० ला फटाके आणि आपल्याकडे २१ ला असं होतं. कामगारांना सुट्टी आणि बोनस द्यायचा असेल तर आठ-दहा दिवस आधीच दुकानातल्या फळ्यावर दिवस लिहून टाका, कारण आदल्या रात्रीपर्यंत कोणीतरी येऊन विचारत राहतं. घरी एका दिवशी आणि दुकानात दुसऱ्या दिवशी असं केलं तरी शास्त्राला धरून आहे का हे गुरुजींना विचारा, मला तरी ते ओढूनताणून वाटतं.

हात बसवायला २०२६ घ्या. अमावास्या ८ नोव्हेंबर, रविवारी सकाळी ११:२७ ला लागते आणि ९ ला दुपारी १२:३१ ला संपते. मुंबईचा सूर्यास्त तेव्हा सहाच्या थोडा पुढं. ८ ला प्रदोष पूर्ण भरलाय, ९ ला सूर्यास्ताच्या कितीतरी आधी अमावास्या संपलेली. राहिली तीन प्रहरांची अट, तर तिसरा प्रहर सव्वातीनच्या आसपास संपतो आणि अमावास्या साडेबारालाच गेली, म्हणजे प्रतिपदा मोठी की लहान हे मोजायचीही गरज नाही. पूजन ८ ला.